या चुका टाळा: कोकणात फायबर गायरोवर पृथ्वीचं फिरणं मोजताना

फायबर ऑप्टिक गायरोचा, म्हणजे काचेच्या तंतूतल्या प्रकाशाने फिरणं मोजणाऱ्या यंत्राचा, प्रकल्प करणारी एमएस्सीची मुलं दरवर्षी भेटतात. कॉइल नीट असते, प्रकाश नीट असतो, सर्किट चालू असतं, आणि तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा आकडा काही केल्या जुळत नाही. कोणाला तो अर्धा मिळतो, कोणाला दर तासाला वेगळा, तर कोणाला गायरो उलटा धरला तरी तोच. या गडबडींची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात आणि आकडा कसा चुकला यावरून ती ओळखताही येतात. म्हणून इथे एकच प्रयोग धरून चालतो: रत्नागिरीसारख्या ठिकाणी, टेबलावर ठेवलेल्या फायबरच्या कॉइलने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मोजायचं.

हिशेबासाठी कॉइल ठरवून टाकू. फायबर 500 मीटर, वेढ्यांचा सरासरी व्यास 10 सेंटिमीटर, प्रकाशाची तरंगलांबी 1550 नॅनोमीटर. एका बाजूने शिरलेला प्रकाश कपलरमध्ये दोन भागांत विभागतो. एक भाग कॉइलमधून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो, दुसरा उलट दिशेने, आणि दोन्ही परत त्याच कपलरवर भेटतात. कॉइल स्थिर असेल तर दोघांना सारखाच वेळ लागतो. कॉइल फिरत असेल तर एक किंचित आधी पोचतो, दुसरा किंचित नंतर. वेळेतल्या या फरकामुळे दोन लहरींच्या फेजमध्ये फरक पडतो. जॉर्ज सान्याक यांनी 1913 मध्ये पॅरिसमध्ये फिरत्या टेबलावर आरसे लावून तो दाखवला, म्हणून त्याला सान्याक परिणाम म्हणतात. वाली आणि शॉर्टहिल यांनी 1976 मध्ये आरशांच्या जागी फायबर वापरलं, आणि तिथून फायबर गायरो सुरू झाला. सूत्र असं:

```
Δφ = 2π L D Ω / (λ c)
```

L ही फायबरची लांबी, D वेढ्याचा व्यास, Ω फिरण्याचा वेग रेडियन प्रति सेकंद, λ निर्वात जागेतली तरंगलांबी आणि c निर्वात जागेतला प्रकाशाचा वेग. आपल्या कॉइलचे आकडे घातले की Δφ = 0.676 × Ω एवढं सोपं होतं. पृथ्वीचा वेग 15.04 अंश प्रति तास, म्हणजे 0.0000729 रेडियन प्रति सेकंद. कॉइलचा अक्ष नेमका पृथ्वीच्या अक्षाला समांतर धरला, तरी हातात येतात फक्त 49 मायक्रोरेडियन. इतका बारीक फरक मोजायचा आहे हे सतत डोळ्यांसमोर ठेवलं, तर पुढच्या चुकांमागची कारणं आपोआप लक्षात येतात.

सूत्रात काचेचा अपवर्तनांक घुसवणं

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि ती हुशार मुलांकडून होते. फायबर काचेचं आहे, काचेत प्रकाश हळू जातो, म्हणून c च्या जागी c/n घालायला हवं, असा विचार ते करतात. तो वरवर बरोबरही वाटतो.

समजा, देवळाभोवती दोन मुलं एकाच जागेवरून उलटसुलट दिशांनी प्रदक्षिणेला निघाली आहेत, आणि ज्याच्या हातावर टाळी द्यायची तो माणूस मधल्या वेळात दोन पावलं एका बाजूला सरकला. त्याच्या सरकण्याच्या दिशेने निघालेल्या मुलाला फेरी पुरी करून दोन पावलं जास्त चालावी लागतील, समोरून येणाऱ्याला दोन पावलं कमी. मुलं जितकी हळू चालतील तितका तो माणूस जास्त सरकलेला असेल, शिवाय ती जास्तीची पावलं टाकायलाही जास्त वेळ लागेल. म्हणून वेळेतला फरक चालीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. हाच हिशेब काचेतल्या प्रकाशाला लावला तर उत्तर n² पटींनी मोठं येतं. n = 1.468 धरला तर 2.155 पट.

या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. इथे ज्या रस्त्यावरून चालायचं तो रस्ताही फिरतो आहे. फायबरची काच कॉइलबरोबर फिरते आणि फिरता फिरता प्रकाशाला थोडं स्वतःबरोबर ओढते. पूर्ण वेगाने ओढत नाही. काच v वेगाने जात असेल तर प्रकाशाच्या वेगात v(1 − 1/n²) एवढीच भर पडते. फ्रेनेलने 1818 मध्ये हे प्रमाण मांडलं, फिझोने 1851 मध्ये वाहत्या पाण्यात ते मोजलं, आणि सापेक्षतेच्या वेग-बेरजेतून ते सरळ निघतं. आता मांडणी करा. अपवर्तनांकामुळे वेळेतला फरक n² पट वाढतो, आणि ओढण्यामुळे त्या वाढलेल्या फरकातून (1 − 1/n²) एवढा हिस्सा जातो. उरतं n² × 1/n², म्हणजे नेमकं एक. n पूर्ण नाहीसा होतो. काच असो, हवा असो की निर्वात जागा, तेवढ्याच क्षेत्राला तेवढाच फेजफरक.

ही चूक झाली आहे हे आकड्यावरून लगेच ओळखता येतं. कॉइलचा अक्ष आडवा, उत्तरेकडे धरून रत्नागिरीला 14.4 अंश प्रति तास मिळायला हवेत. तुमच्या गणितात n² शिरला असेल तर कागदावर 6.7 येतील. तरंगलांबीच्या जागी λ/n घातली असेल तर 9.8 येतील. यांतला एखादा आकडा दिसला तर ऑप्टिक्सला हात लावू नका, वही उघडा.

याच्या शेजारीच उलटी चूक बसलेली असते. "n लागत नाही" हे एकदा पाठ झालं की मुलं तो सगळीकडून काढून टाकतात. पण प्रकाशाला कॉइल पार करायला लागणाऱ्या वेळेत तो लागतोच: nL/c, म्हणजे आपल्या कॉइलसाठी 2.45 मायक्रोसेकंद. हा वेळ पुढे मॉड्युलेशनसाठी हवा आहे.

शून्यावरच बसून राहणं

दोन लहरी एकत्र आल्यावर डिटेक्टरवर पडणारा प्रकाश 1 + cos Δφ या प्रमाणात असतो. कोसाइनचा आलेख शून्यापाशी सपाट असतो. रत्नागिरीला अक्ष आडवा, उत्तरेकडे धरला की 49 पैकी 47 मायक्रोरेडियन मिळतात; तेवढा फरक पडला तर प्रकाश किती कमी होईल? सुमारे 180 कोटींत एक भाग. कुठलाही डिटेक्टर तो दाखवणार नाही. शिवाय कोसाइनला अधिक-उणे कळत नाही, त्यामुळे कॉइल उत्तरेकडे केली काय आणि दक्षिणेकडे केली काय, उत्तर तेच. "गायरो उलटा केला तरी आकडा बदलत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा गायरो बहुधा या सपाट शून्यावरच बसलेला असतो.

त्यावरचा उपाय म्हणजे कोसाइनच्या उतारावर, 90 अंशांवर जाऊन उभं राहायचं. तिथे तेच 47 मायक्रोरेडियन लाखात पाच भाग एवढा फरक दाखवतात आणि चिन्हही कळतं. त्यासाठी कॉइलच्या एका टोकाशी फेज मॉड्युलेटर बसवतात, हल्ली बहुधा लिथियम नायोबेटची चिप. मॉड्युलेटर एका टोकाशी का, तर एका लहरीला तो कॉइलमध्ये शिरताना भेटतो आणि दुसरीला बाहेर पडताना, म्हणजे 2.45 मायक्रोसेकंद उशिरा. मधल्या काळात मॉड्युलेटरचा व्होल्टेज बदललेला असेल तर दोघींच्या फेजमध्ये तेवढा फरक पडतो. चौकोनी लहर दिली आणि तिचा अर्धा काळ बरोबर 2.45 मायक्रोसेकंद ठेवला, तर हा फरक एकदा +90 आणि एकदा −90 अंश असा आलटूनपालटून मिळतो. त्यासाठीची वारंवारता 1/(2 × 2.45 मायक्रोसेकंद), म्हणजे 204 किलोहर्ट्झ.

n विसरलेला विद्यार्थी इथे 300 किलोहर्ट्झ लावतो. दुर्दैवाने सिग्नल पूर्ण जात नाही, त्यामुळे चूक लपून राहते. आकडा मात्र छोटा येतो आणि भरकटतो. ऑसिलोस्कोपवर ती स्पष्ट दिसते. डिटेक्टरचा सिग्नल पाहा. वारंवारता बरोबर असेल तर रेष जवळजवळ सपाट असते आणि दर 2.45 मायक्रोसेकंदांनी एक अरुंद टोक वर उठतं, कारण +90 वरून −90 वर जाताना फरक क्षणभर शून्यातून जातो आणि त्या क्षणी प्रकाश पूर्ण असतो. वारंवारता चुकली असेल तर ती टोकं रुंद होऊन त्यांचे चौथरे होतात, कारण दोन्ही लहरींना सारखाच व्होल्टेज भेटण्याचा काळ लांबतो. फंक्शन जनरेटरची वारंवारता हळूहळू फिरवत न्या आणि चौथरे आवळत आवळत पुन्हा टोकं होतात तिथे थांबा. यातून एक फायदाही निघतो: त्या वारंवारतेवरून फायबरची खरी लांबी कळते, L = c/(2nf). स्पूलच्या चिठ्ठीवर 500 लिहिलं असेल आणि स्प्लाइस करताना, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडताना, काही मीटर कापले गेले असतील, तर ते इथे पकडता येतं.

चांगला लेसर आणला की काम होईल असं समजणं

इतर सगळ्या व्यतिकरणाच्या प्रयोगांत प्रकाश जितका शुद्ध तितके पट्टे ठळक, हे शिकून मुलं आलेली असतात. म्हणून गायरोसाठीही ती अरुंद रेषेचा लेसर शोधतात. इथे नेमका उलटा प्रकाश हवा. दोन्ही लहरी एकाच फायबरमधून जातात, त्यांच्या वाटांची लांबी जवळजवळ तंतोतंत सारखी असते, त्यामुळे लांब सुसंगतीची गरजच नाही. ती असली तर उलट नुकसान होतं. काचेतल्या बारीक असमानतेमुळे प्रकाशाचा थोडा भाग मागे विखुरतो, जोडांवरून थोडा परावर्तित होतो, आणि लेसरच्या बाबतीत हा भटका प्रकाशही मुख्य लहरींशी व्यतिकरण करतो. तापमान जरा हललं की त्याची फेज हलते आणि आकडा डोलतो.

रुंद वर्णपटाचा स्रोत घ्या, सुपरल्युमिनेसंट डायोड किंवा अर्बियम फायबरचा. 1550 नॅनोमीटरभोवती 40 नॅनोमीटर रुंदी असेल तर सुसंगतीची लांबी साधारण 60 मायक्रोमीटर भरते. मग मीटरभर लांबून आलेला भटका प्रकाश फक्त उजेडात भर घालतो, फेज बिघडवत नाही. लेसरची अडचण आहे की नाही हे बघायचं असेल तर कॉइलजवळच्या कुठल्याही जोडाला बोटाने हलकं दाबा. आकडा पट्ट्यांसारखा मागेपुढे खेळायला लागला तर दोष स्रोतात किंवा जोडात आहे, कॉइलमध्ये नाही. फिरवून बसवायचे जोड वापरायचेच असतील तर तिरक्या टोकाचे घ्या. आणि आपल्याकडे खारट दमट हवेत उघडं पडलेलं टोक चार दिवसांत धुरकट होतं, तेव्हा शक्य असेल तिथे स्प्लाइसच करा.

एक कपलर वाचवणं

खर्च कमी करायला काहीजण एकाच कपलरवर भागवतात: एका पायातून प्रकाश आत, दोन पाय कॉइलला, आणि उरलेल्या चौथ्या पायावर डिटेक्टर. सर्किट चालतं, सिग्नलही दिसतो. पण चौथ्या पायावर येणाऱ्या दोन लहरींनी कपलरमधून केलेला प्रवास सारखा नसतो. एक दोन्ही वेळा सरळ गेलेली असते, दुसरी दोन्ही वेळा ओलांडून आलेली. ओलांडण्यात फेज बदलते, आणि कपलरचं वागणं तापमानानुसार हललं की तो बदलही हलतो. आपल्याला 47 मायक्रोरेडियन मोजायचे आहेत आणि कपलर त्याच्या कितीतरी पट फरक स्वतःच करून ठेवतो.

ज्या पायाने प्रकाश आत गेला त्याच पायाने परत आलेल्या दोन्ही लहरी एकदा सरळ आणि एकदा ओलांडून गेलेल्या असतात. हिशेब समान राहतो, फक्त फिरण्याचा फरक उरतो. म्हणून स्रोताजवळ दुसरा कपलर लावून परतीचा प्रकाश तिथून काढतात, आणि दोन कपलरांच्या मधे पोलरायझर ठेवतात, जेणेकरून जाताना-येताना एकच ध्रुवीकरण मोजलं जाईल. या दुसऱ्या कपलरमधून जाताना-येताना मिळून तीन चतुर्थांश प्रकाश वाया जातो. तो जाऊ द्यावा लागतो. पोर्ट बरोबर आहे की नाही ते तपासायला मॉड्युलेशन बंद करा: बरोबर पोर्टवर कॉइल स्थिर असताना उजेड जास्तीत जास्त असतो, चुकीच्या पोर्टवर अंधार.

कॉइल टेबलावर सपाट ठेवणं

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल सांगायचं आहे त्या मुद्द्यावर येतो. पुस्तकातली चित्रं पाहून सगळेच कॉइल टेबलावर थाळीसारखी सपाट ठेवतात, अक्ष सरळ आकाशाकडे. त्या स्थितीत गायरोला पृथ्वीच्या वेगाचा फक्त उभा भाग दिसतो: 15.04 × sin अक्षांश. ही पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिलेली, तिथे 45 ते 50 अक्षांशावर हा भाग 11 अंशांच्या आसपास येतो. रत्नागिरी 17 अक्षांशावर आहे. इथे तो 4.40 अंश प्रति तास, म्हणजे आपल्या कॉइलमध्ये फक्त 14 मायक्रोरेडियन.

पृथ्वीचा अक्ष इथून कुठे दिसतो ते रात्री समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून बघा. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर आहे. पृथ्वीचा अक्ष कोकणात जवळजवळ आडवा पडलेला आहे, उत्तरेकडे तोंड करून. मग कॉइलचा अक्षही आडवा करायला हवा. कॉइल चाकासारखी उभी करा आणि तिचा अक्ष उत्तरेकडे वळवा. मिळतात 15.04 × cos 17° = 14.38 अंश प्रति तास, 47 मायक्रोरेडियन. हातात आलेला सिग्नल सव्वातीन पट झाला, एक पैसा खर्च न करता.

सिग्नल वाढणं हा अर्धाच फायदा. दुसरा अर्धा टेबलाच्या कलण्याचा आहे. कॉइल सपाट ठेवली आणि टेबल उत्तरेकडे फक्त 1 अंश कललं, तर त्या 14.38 पैकी 0.25 अंश प्रति तास आत शिरतात. 4.40 मध्ये 0.25 म्हणजे जवळपास 6 टक्के चूक, एका अंशाने. 50 अक्षांशावर तीच चूक दीड टक्क्याच्या आत राहते, म्हणून तिकडच्या सूचनांत टेबल पाणसळीत घेण्यावर फारसा जोर दिलेला नसतो. इथे कॉइल आडव्या अक्षावर ठेवली तर 1 अंश कलण्याने चूक होते अर्ध्या टक्क्याची. जुन्या इमारतीत, जांभ्याच्या उंचसखल फरशीवर टेबल असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

किनाऱ्यावर वर-खाली गेल्यानेही उभ्या भागाचा आकडा चटकन बदलतो. अलिबागला तो 4.8, मालवणला 4.2. आडवा भाग मात्र अलिबागला 14.25 आणि मालवणला 14.45, जवळजवळ तोच. मित्राने अलिबागला काढलेला आकडा आपल्या आकड्याशी ताडून बघायचा असेल तर आडवा भागच ताडा.

उत्तर दिशा किती अचूक हवी? साध्या होकायंत्राने 2 अंशांची चूक झाली तरी cos 2° = 0.9994, त्यामुळे उत्तर-दक्षिण आकड्याला धक्का लागत नाही. पूर्व-पश्चिम ठेवताना मात्र तेच 2 अंश 0.5 अंश प्रति तास दाखवतात, आणि मुलं "पूर्वेला शून्य यायला हवं, येत नाही" म्हणून सर्किट उकलत बसतात. लोखंडी कपाट किंवा टेबलाचे लोखंडी पाय जवळ असतील तर होकायंत्र सहज तेवढं चुकतं.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. फायबरमधल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण चुंबकीय क्षेत्राने किंचित वळतं, आणि कॉइल फिरवली की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही कॉइलच्या सापेक्ष फिरतं. म्हणजे फिरवण्याबरोबर बदलणारा खोटा सिग्नल. ध्रुवीकरण राखणारं फायबर असेल तर तो लहान असतो, साध्या फायबरमध्ये त्रास देऊ शकतो. लाऊडस्पीकरचा चुंबक कॉइलपासून हातभर अंतरावर आणून फिरवा. आकडा हलला तर कॉइलला म्यू-मेटलचं आवरण हवं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्यांनाही अशाच उपऱ्या क्षेत्रांपासून दूर पळावं लागलं होतं: मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलली.

कॉइल फिरत्या तबकडीच्या बरोबर मध्यावर असावी म्हणून तासन् तास घालवणारेही भेटतात. त्याची गरज नाही. सान्याक परिणामाला फक्त वेढ्यांचं क्षेत्र आणि अक्षाची दिशा कळते; फिरण्याचं केंद्र कॉइलच्या आत असो की बाहेर. पृथ्वीचं केंद्र तर 6,400 किलोमीटर खाली आहे.

एका दिशेला ठेवून रात्रभर सरासरी काढणं

चार दिशांची नोंद समजा अशी आली, सगळे आकडे अंश प्रति तास: उत्तर +21.4, पूर्व +7.5, दक्षिण −7.0, पश्चिम +6.9. पहिल्या आकड्याकडे पाहून घाबरायचं कारण नाही. उत्तर आणि दक्षिण यांची सरासरी 7.2, पूर्व-पश्चिमेची सरासरीही 7.2. हा गायरोचा स्वतःचा बायस, इलेक्ट्रॉनिक्स आणि ऑप्टिक्समधून आलेला. दोन्ही जोड्यांतून तोच निघाला म्हणजे मापनाच्या काळात तो स्थिर होता. उत्तर-दक्षिण फरकाचं अर्ध 14.2, हे पृथ्वीचं फिरणं. पूर्व-पश्चिम फरकाचं अर्ध 0.3, त्याला 14.2 ने भागलं की 0.021 रेडियन, म्हणजे आपण धरलेल्या दिशा 1.2 अंशांनी चुकलेल्या आहेत. पूर्वेचा आकडा वाढलेला आहे, त्याअर्थी "पूर्व" खूण थोडी उत्तरेकडे सरकली आहे आणि "उत्तर" खूण तेवढीच पश्चिमेकडे. जहाजावरचा फायबर-गायरो कंपास उत्तर शोधतो तो मुळात याच हिशेबाने.

14.2 हे अपेक्षित 14.38 पेक्षा सव्वा टक्क्याने कमी आहे. आधी लांबी तपासा, मॉड्युलेशनच्या वारंवारतेवरून. ती बरोबर असेल तर व्यास. कॉइलला अनेक थर असतात. आतल्या थराचा किंवा बाहेरच्या थराचा व्यास मोजून चालत नाही, सरासरी हवा. 100 मिलिमीटरमध्ये सव्वा मिलिमीटर जास्त धरला गेला की नेमकी एवढी तूट येते.

बायस स्थिर नसेल तर मात्र ही वजाबाकी फसते, आणि तो अस्थिर होण्याचं मुख्य कारण तापमान. शूप यांनी 1980 मध्ये हे दाखवून दिलं. कॉइलच्या एका टोकाजवळचा भाग तापू लागला असं समजा. एक लहर तिथून सुरुवातीलाच जाते, दुसरी 2.45 मायक्रोसेकंदांनी शेवटी. तेवढ्यात काच आणखी थोडी तापलेली असते, म्हणजे दोघींना वेगवेगळी काच भेटते आणि फेजफरक पडतो, अगदी कॉइल फिरल्यासारखा. कॉइलच्या मध्यावरच्या भागाचा असा त्रास नसतो, कारण दोघी तिथे एकाच वेळी पोचतात. म्हणून चांगली कॉइल फायबरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना गुंडाळत नेतात आणि थरांचा क्रम असा ठेवतात की मध्यापासून सारख्या अंतरावरचे भाग एकमेकांना चिकटून, एकाच तापमानात राहतील. दुकानातून आलेल्या स्पूलवर फायबर एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ गुंडाळलेलं असतं. ते तसंच वापरलं तर एक टोक आतल्या थरात आणि दुसरं बाहेर हवेवर. यापेक्षा वाईट रचना शोधून सापडणार नाही.

हा दोष ओळखायला कॉइलशेजारी तापमापक ठेवा आणि आकडा तापमानाशी नाही, तापमान बदलण्याच्या वेगाशी ताडून पाहा. दुपारी खोली 34 अंशांवर स्थिर असताना बायस शांत आणि सकाळी ऊन खिडकीतून आत येताना तो वाहतो आहे, असं दिसलं तर शूप परिणाम नक्की. पंखा थेट कॉइलवर नको, एसी सतत चालू-बंद होत असेल तर तोही बंदच बरा. कॉइल थर्माकोलच्या जाड पेटीत ठेवा, आत सिलिका जेलची पिशवी, आणि पेटी बंद केल्यावर काही तास तिला शिवू नका. पेटीसकट फिरवता येईल असा तळ करून घ्या, म्हणजे दिशा बदलताना हाताची ऊब कॉइलला लागत नाही आणि फायबरला पीळ पडत नाही.

एवढं करूनही बायस थोडा वाहतोच. इथे मुलं कॉइल उत्तरेकडे करून रात्रभर नोंद घेतात, दुसऱ्या रात्री दक्षिणेकडे, आणि सरासरी काढतात. त्यामुळे यादृच्छिक नॉइज कमी होतो हे खरं, पण दोन रात्रींत बायस कुठल्या कुठे गेलेला असतो आणि तो वजाबाकीत तसाच उरतो. किती वेळ सरासरी काढायची याचा अंदाज नॉइजवरून घ्या. तुमची फेज मोजण्याची क्षमता एका सेकंदाच्या सरासरीला 10 मायक्रोरेडियनच्या आसपास असेल, तर ती 3 अंश प्रति तास होते. 100 सेकंदांच्या सरासरीने ती 0.3 वर येते. म्हणून दोन मिनिटं उत्तर, दोन मिनिटं दक्षिण, पुन्हा उत्तर, पुन्हा दक्षिण, असं तासभर करा. उत्तरेच्या दोन आकड्यांच्या मधे आलेला दक्षिणेचा आकडा त्या दोन्हींच्या सरासरीतून वजा केला की सरळ रेषेत वाहणारा बायस पूर्ण निघून जातो. तासाभरात अशा सात जोड्या सहज होतात, आणि त्यांचा आपसातला विखुरलेपणा 0.3 च्या आसपास आला तर समजा की आता उरला आहे तो फक्त नॉइज. त्याहून बराच मोठा आला तर पेटीच्या फटी, टेबलाचा पाय आणि स्रोताचा पॉवर सप्लाय, या क्रमाने बघा.